पैसे नावाला नव्हे, प्रतीला मोजावेत : जुना मराठी चित्रपट, मोफत मंच आणि सशुल्क सेवा

१/
जुना मराठी चित्रपट पाहायचा असेल तर महिन्याची वर्गणी भरावी, म्हणजे तो अधिकृत आणि चांगल्या रूपात मिळेल, असा एक समज रूढ आहे. याच्या उलट दुसरा समज असा की सगळे काही यूट्यूबवर पडलेलेच आहे, त्यासाठी पैसे मोजणे हा वेडेपणा. दोन्ही समज इतिहासाच्या अभ्यासकाला फसवतात. पहिला जास्त फसवतो, कारण त्याला सभ्यतेचे कवच आहे.

२/
गोंधळाचे मूळ असे की दोन वेगळे प्रश्न एकच मानले जातात. पहिला प्रश्न : चित्रपट सापडतो का? दुसरा प्रश्न : जो सापडला तो पूर्ण आणि अस्सल आहे का? पहिल्या प्रश्नात जाहिरातींवर चालणारे मोफत मंच सशुल्क सेवांना सहज मागे टाकतात. दुसऱ्या प्रश्नात मोफत मंच अनेकदा नापास होतात. सशुल्क सेवांनी इथे आपली वर्गणी सार्थ करायला हवी होती. बहुतेक वेळा त्याही ती करत नाहीत, आणि या धाग्यातील तक्रार हीच आहे.

३/
आधी 'सापडणे' पाहू. सशुल्क सेवा चित्रपट साधारणपणे ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक रक्कम देऊन घेते. त्या रकमेचा हिशोब नव्या वर्गणीदारांत आणि जुने टिकून राहण्यात मांडला जातो. 'शेजारी' (१९४१) पाहण्यासाठी किती लोक नव्याने वर्गणी भरतील? फारच थोडे. मग मुदत संपली की करार वाढवला जात नाही आणि चित्रपट यादीतून निघून जातो. तो गेला अशी सूचना कोणालाही मिळत नाही. ग्रंथालयातून पुस्तक बाद करतानाही नोंदवहीत शेरा लिहितात. इथे तेवढेही होत नाही.

४/
पैशाच्या आधीही दारात एक अडसर असतो, तो कागदांचा. मोठ्या सेवांना हक्कांची अखंड साखळी दाखवावी लागते : निर्मात्याकडून कोणाकडे, त्याच्याकडून पुढे कोणाकडे, प्रत्येक टप्प्याचा करार. जुन्या मराठी निर्मितीसंस्था बहुधा भागीदारीच्या किंवा घरच्या. भागीदार वारले, वारसांत वाटण्या झाल्या, वितरकाला दिलेले हक्क तोंडी किंवा हरवलेल्या कागदावर राहिले. त्यात सेवेला ठरावीक दर्जाची चित्रफीत, उपशीर्षके आणि संगीताच्या हक्कांचा तपशीलही हवा असतो. हा खर्च उचलून दारात उभा राहील असा मालकच पुष्कळ चित्रपटांना उरलेला नाही.

५/
मोफत मंचाचे गणित वेगळे आहे. तिथे फळीचे भाडे नसते. ज्याच्याकडे प्रत आहे तो ती चढवतो आणि जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा घेतो. यूट्यूबवर लांब चित्रफितींसाठी हा वाटा ५५ टक्के असतो. वर्षात पाचशे जणांनी पाहिला तरी तोटा नाही, कारण ठेवण्याचा खर्चच नाही. म्हणून जुन्या ध्वनिफिती आणि व्हीसीडी विकणाऱ्या कंपन्यांनी आपली कपाटे तिथे रिकामी केली. यामागे संस्कृतिप्रेम असेल किंवा नसेल, परिणाम मात्र असा की मराठी चित्रपटाचे मागचे शतक आज मुख्यतः जाहिरातींच्या आधारावर उभे आहे.

६/
यावर नेहमीचे उत्तर येते : फुकटचे म्हणजे चोरीचे. त्यासाठी कायदा पाहिला पाहिजे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. आधी ही मुदत ५० वर्षांची होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढली. हिशोब सोपा आहे : प्रदर्शनाच्या वर्षात ६१ मिळवले की ज्या वर्षाच्या १ जानेवारीला चित्रपट सर्वांचा होतो ते वर्ष मिळते. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' १९५३ चा, म्हणून १ जानेवारी २०१४ पासून तो कोणा एकाचा राहिला नाही.

७/
हाच हिशोब प्रभात फिल्म कंपनीला लावावा. १९२९ साली कोल्हापुरात स्थापना, १९३३ साली पुण्यात स्थलांतर, १९५३ साली शेवट. म्हणजे 'अयोध्येचा राजा', 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'संत ज्ञानेश्वर', 'शेजारी' ही सगळी नावे आज मुक्त आहेत. 'संत तुकाराम' १९३६ चा. ६० वर्षांची मुदत धरली तरी त्याचा हक्क १९९६ अखेर संपला. तो मोफत मंचावर असणे ही चोरी नव्हे. तो सशुल्क सेवेवर असला तर ती सेवा चित्रपटाच्या हक्काचे नव्हे, स्वतःच्या फळीचे भाडे घेते.

८/
एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. चित्रपट मुक्त झाला म्हणजे त्यातले सारे मुक्त झाले असे नाही. गीत, संगीत आणि कथा या स्वतंत्र कृती आहेत. त्यांचा हक्क लेखक किंवा संगीतकार वारल्यानंतर ६० वर्षे चालतो. ग. दि. माडगूळकर १९७७ साली वारले, त्यांच्या शब्दांची मुदत २०३७ अखेर संपेल. म्हणून १९५० च्या दशकातला चित्रपट मुक्त असूनही त्यातल्या गाण्यावर दावा लागू शकतो. मोफत मंचावर एखादे गाणे अचानक मुके झालेले आढळते, त्यामागे पुष्कळदा असा दावा असतो.

९/
तेव्हा मोफत मंचावरच्या जुन्या चित्रपटांचे तीन वर्ग मानावेत. पहिला, हक्क संपलेले. दुसरा, हक्क जिवंत पण मालकाने किंवा त्याच्या परवानगीने चढवलेले. तिसरा, उघड चोरीचे. १९६५ नंतरच्या चित्रपटांसाठी दुसरा आणि तिसरा वर्ग वेगळा करणे आवश्यक आहे. वाहिनीचे नाव, तिच्यावरचे इतर चित्रपट आणि चित्रफितीच्या वर्णनात मालकाचा उल्लेख यांवरून बहुतेक वेळा उलगडा होतो.

१०/
चोरीची प्रत नीतीच्या आधी अभ्यासाच्या दृष्टीने वाईट असते. मंचावरची यंत्रणा चित्र आणि आवाज जुळवून पाहते. तिला चुकवण्यासाठी चित्र आरशासारखे उलटवतात, कडा कापतात, वेग किंवा सूर बदलतात. उलटवलेले चित्र ओळखायला सोपे : दुकानाची पाटी उलटी दिसते, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो, सगळे पुरुष डाव्या हाताने जेवतात. अशा प्रतीवरून पोशाखाबद्दल किंवा रीतिरिवाजाबद्दल लिहिणारा अभ्यासक न कळत खोटा इतिहास लिहितो.

११/
आता शोध कसा घ्यावा. सशुल्क सेवेच्या शोधचौकटीला नकार देणे माहीत नसते. मागितलेले नसले तर ती 'नाही' म्हणत नाही, त्याच्यासारखे दुसरे काही पुढे करते. 'श्यामची आई' शोधणाऱ्याला २०२३ चा चित्रपट मिळतो आणि 'तुकाराम' शोधणाऱ्याला २०१२ चा. वर्षाप्रमाणे किंवा दिग्दर्शकाप्रमाणे चाळण्याची सोय क्वचितच असते. मोफत मंचावर पसारा अधिक, पण नावापुढे वर्ष लिहिता येते, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत शोधता येते, आणि 'Sant', 'Sant Tukaram 1936', 'Prabhat' अशी वेगवेगळी जोडणी करून पाहता येते. एकाच नावाच्या चार प्रती सापडल्या तर ती अडचण समजू नये. त्यांची तुलना करता येते, हाच मोठा लाभ.

१२/
शोधताना प्रभातचा एक सापळा लक्षात ठेवावा. कंपनी अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढत असे. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१). हे नंतर आवाज बदललेले चित्रपट नव्हेत. प्रसंग दोन्ही भाषांत वेगळे चित्रित होत. याद्यांत मात्र एकाच्या नावाखाली दुसरा सर्रास ठेवलेला असतो, कारण हिंदीला प्रेक्षक जास्त.

१३/
हा फरक केवळ भाषेचा नाही. 'पडोसी'त हिंदू ठाकूरची भूमिका मझहर खान या मुस्लिम नटाने केली आणि मुसलमान मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांनी. दोन धर्मांच्या मैत्रीवरच्या चित्रपटात ही निवड अर्थपूर्ण ठरते. 'शेजारी'त मिर्झा जागीरदारच, पण हिंदू शेजारी केशवराव दाते. म्हणजे ज्या अदलाबदलीवर लोक भरभरून लिहितात, ती मराठी चित्रपटात पूर्णपणे नाहीच. चुकीच्या नावाची प्रत पाहून 'शेजारी'वर निबंध लिहिणाऱ्याचा सारा युक्तिवाद इथे कोसळतो.

१४/
सापडण्याचा प्रश्न इथे संपतो. आता पूर्णतेचा. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' हेच उदाहरण घेऊ. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलमेन यांच्या भारतीय चित्रपटकोशात त्याची लांबी १३१ मिनिटे दिली आहे. समजा चार प्रती सापडल्या : १३१ मिनिटांची, १२६ मिनिटांची, ११५ मिनिटांची आणि १३३ मिनिटांची. यांतली अपुरी कोणती? पहिल्या नजरेला वाटेल की दुसरी आणि तिसरी. ते चूक आहे.

१५/
चित्रपटगृहात फीत सेकंदाला २४ चौकटींनी धावते. भारतात दूरदर्शन आणि व्हिडिओसाठी वापरलेली पाल पद्धत सेकंदाला २५ चौकटींची. फितीवरून व्हिडिओ काढताना पुष्कळदा २४ च्या चौकटी २५ ने धावू देतात. त्यामुळे चित्रपट चार टक्क्यांनी आखूड होतो, पण त्यातले काहीच गळत नाही. १३१ ला २४ ने गुणून २५ ने भागले की १२५.८ मिनिटे येतात. म्हणजे १२६ मिनिटांची प्रत पूर्ण असू शकते. खूण कानाला कळते : गाण्यांचा सूर अर्ध्या सुराहून थोडा कमी इतका वर चढलेला असतो.

१६/
११५ मिनिटांच्या प्रतीला मात्र असे स्पष्टीकरण नाही. १२६ मधून आणखी ११ मिनिटे गेली म्हणजे काहीतरी कापले किंवा हरवले. ११ मिनिटे हा आकडाही बोलका आहे. ३५ मिलिमीटरच्या फितीचे ९० फूट म्हणजे एक मिनिट, आणि हजार फुटांचे एक रीळ म्हणजे सुमारे ११ मिनिटे. १३१ मिनिटांचा चित्रपट साधारण ११,८०० फुटांचा, म्हणजे बारा रिळांचा. एक रीळ गहाळ झाले तर तूट नेमकी एवढीच पडते. गोष्ट एकाच ठिकाणी झटका देऊन पुढे उडी घेत असेल तर रीळ गेले असे मानावे. तूट थोडीथोडी सगळीकडे विखुरलेली असेल तर ती कात्री आहे.

१७/
१३३ मिनिटांची प्रत जास्त पूर्ण आहे, असेही नाही. आरंभी कंपनीचे बोधचिन्ह, शेवटी इतर चित्रपटांच्या जाहिराती जोडल्या की लांबी वाढते. म्हणून मोजणी चित्रपटाच्या पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत करावी. जुन्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी फुटांत असते, तिला ९० ने भागले की मिनिटे मिळतात. मीटरमध्ये असेल तर २७.४ ने भागावे. ही पडताळणी दहा मिनिटांची आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

१८/
कात्री कुठे लागली ते शोधण्यासाठी गाण्यांच्या पुस्तिका उपयोगी पडतात. चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या या पातळ पुस्तिकांत कथासार, श्रेयनामावली आणि सर्व गीतांचे शब्द छापलेले असत. पुस्तिकेतली गाणी मोजावीत आणि प्रतीतली मोजावीत. व्हीसीडीच्या एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावे, दोन तबकड्यांत अडीच तास. त्याहून मोठ्या चित्रपटाला तिसरी तबकडी तरी द्यावी लागे किंवा कात्री तरी लावावी लागे. कापायचे ठरले की पहिला बळी गाण्याचा.

१९/
गाण्याच्याही आधी जी जाते ती श्रेयनामावली. जुनी अक्षरे कंटाळवाणी म्हणून ती कापून तिथे कंपनीचे झगमगते बोधचिन्ह बसवतात. याची किंमत काय? 'संत तुकाराम'साठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक गीत इतके अभंगासारखे उतरले की पुष्कळांना ते तुकोबांचेच वाटले. आठवल्यांचे नाव ज्या प्रतीत नाही, ती प्रत ही चूक पुढच्या पिढीच्या हाती देते. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चाललेल्या आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेल्या चित्रपटाच्या गीतकाराची ही अवस्था. मग कमी नावाजलेल्यांचे काय होत असेल?

२०/
चौथी खूण चौकटीच्या आकाराची. त्या काळचे चित्र जवळजवळ चौरस, चारास तीन या प्रमाणातले. आजच्या रुंद पडद्यावर काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून ते वरखाली कापतात. चारास तीनचे सोळास नऊ केले की चित्राचा पाव भाग जातो. डोक्यावरची पगडी अर्धी दिसत असेल, पाया पडणाऱ्याचे हात चौकटीबाहेर जात असतील, तर प्रत कापलेली आहे. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या हा दोष नव्हे, ते प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

२१/
इथवर मोफत मंचांचे दोष झाले. मग वर्गणी भरली की हे दोष टळतात का? मुळाशी जाऊन पाहावे. १९५० च्या सुमारापर्यंतची फीत नायट्रेटची, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही आणि आपोआप कुजणारी. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट कोठाराला आग लागली. ज्या जमिनीवर प्रभातचे चित्रपट जन्मले, तिथेच त्या काळच्या फितींची राख झाली. मागे उरल्या त्या नंतरच्या सुरक्षित फितीवर काढलेल्या नकला आणि त्यांवरून काढलेले व्हिडिओ.

२२/
म्हणून जुन्या चित्रपटाच्या सशुल्क आणि मोफत प्रती पुष्कळदा एकाच व्हिडिओची लेकरे असतात. सशुल्क सेवेने त्याच्यावर 'एचडी' असा शिक्का मारला तरी मूळ सुधारत नाही. ओळखण्याच्या खुणा आहेत : चेहरे मेणाचे वाटतात, फितीचा बारीक रवा कुठेच दिसत नाही, आणि हात हलला की त्याच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटतात. या रेघा जुन्या व्हिडिओच्या आहेत, चित्रपटाच्या फितीवर त्या असूच शकत नाहीत. असे चित्र दाखवून महिन्याची वर्गणी मागणे म्हणजे शिळ्या भाकरीला तूप लावून ताजीचा भाव घेणे.

२३/
मोफत मंचाचा दोष निदान उघड आहे. तिथे कोणी दर्जाचे वचन दिलेले नसते, आणि प्रतीखालच्या प्रतिक्रियांत एखादा जुना प्रेक्षक 'यात अमुक गाणे नाही' असे सांगून जातो. सशुल्क सेवेत तेही नाही. प्रत कुठून आली, तिची मूळ लांबी किती, काही कापले आहे का, यांपैकी एकही माहिती साधारणपणे दिलेली नसते. पुस्तकाची नवी आवृत्ती काढणारा प्रकाशक आवृत्ती कितवी हे पहिल्या पानावर छापतो. वाङ्मयात जी किमान शिस्त मानली जाते, तिचा चित्रपटाच्या बाबतीत मागमूस नाही.

२४/
तरीही सशुल्क सेवेला सरसकट निरुपयोगी म्हणणे अन्याय होईल. तीन प्रसंगी पैसे मोजावेत. फितीवरून नव्याने आणि जाणकारीने काढलेली, दुरुस्त केलेली प्रत असेल तेव्हा. नीट केलेली उपशीर्षके असतील तेव्हा, कारण अनुवाद हे श्रमाचे काम आहे. आणि १९६५ नंतरचा चित्रपट केवळ तिथेच अधिकृतपणे असेल तेव्हा, कारण त्याच्या निर्मात्याचा किंवा वारसांचा हक्क जिवंत आहे. या शेवटच्या कारणासाठी झी५, अल्ट्रा झकास यांसारख्या मराठी चित्रपट ठेवणाऱ्या सेवांची यादी अवश्य चाळावी. मात्र वर्षभराची वर्गणी आधी भरू नये. चित्रपट यादीत आहे हे पाहून एका महिन्याची भरावी, प्रत तपासावी, टिपणे काढावीत.

२५/
आणि एक तिसरा पक्ष या भांडणात गप्प बसलेला आहे, तो म्हणजे सरकार. १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. त्याच वर्षी सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनर्संस्करणासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले. हा जनतेचा पैसा. हक्क संपलेला चित्रपट जनतेच्या पैशातून दुरुस्त होत असेल, तर तो महोत्सवाच्या निमंत्रितांपुरता का राहावा? प्रसार भारतीचा 'वेव्हज' हा मंच नोव्हेंबर २०२४ पासून सुरू आहे. मुक्त चित्रपटांच्या दुरुस्त प्रती अशा सरकारी मंचावर विनामूल्य येण्यास कॉपीराइटचा मोठा अडथळा उरलेला नाही. उरला आहे तो इच्छेचा.

२६/
मागणी अगदी लहान आहे. मंच मोफत असो वा सशुल्क, प्रत्येक जुन्या चित्रपटाखाली चार ओळी असाव्यात : प्रदर्शनाचे वर्ष आणि भाषा, मूळ लांबी आणि या प्रतीची लांबी, प्रत फितीवरून काढली की व्हिडिओवरून, आणि माहीत असलेली काटछाट. या चार ओळींना पुनर्संस्करणाचा खर्च लागत नाही. ज्या सेवा त्या देणार नाहीत, त्यांनी 'वारसा', 'ठेवा', 'सुवर्णकाळ' हे शब्द आपल्या जाहिरातींतून काढून टाकावेत.

२७/
तोवर अभ्यासकाने ही शिस्त स्वतः पाळावी. चित्रपटाचा दाखला देताना केवळ 'संत तुकाराम, १९३६' असे लिहून थांबू नये. कोणत्या मंचावरची, किती मिनिटांची, कोणत्या तारखेला पाहिलेली प्रत, हे सोबत नोंदवावे. बखरीचा दाखला देताना हस्तलिखित कोणते हे विचारले जाते. ज्या फितींची राख झाली त्यांच्या उरलेल्या नकलांना तर हा प्रश्न अधिकच कठोरपणे विचारला पाहिजे, कारण पडताळून पाहायला मूळ आता उपलब्ध नाही.